खालची ओळ भरली आहे का?

"मोठा आकडा कोपऱ्यातच ठेवते, तरी सारखे आकडे सरकवून जुळवायच्या २०४८ या खेळात माझा डाव ५१२ वर अडकतो. कुठल्या बाजूला सरकवायचं, हे तुम्ही कसं ठरवता?"

मी आधी खालची ओळ बघतो. माझा कोपरा खालचा डावा, त्यामुळे डावीकडे आणि खाली हे दोन स्वाइप बिनधास्त. त्यांनी कोपऱ्यातली टाइल हलूच शकत नाही. वर सरकवणं शक्यतो टाळायचं. खरा घोळ असतो तो उजवीकडचा. खालच्या ओळीतली चारही घरं भरलेली असतील आणि शेजारीशेजारी सारखे आकडे नसतील, तर उजवीकडे सरकवलं तरी ती ओळ जागची हलत नाही. एक घर रिकामं असलं किंवा एक सारखी जोडी असली, की ५१२ पुढे सरकतो. प्रत्येक स्वाइपनंतर नवी टाइल येते (बहुतेक वेळा २, दहात एखादा ४), आणि ती नेमकी मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात येऊन बसली, तर तिला उठवता उठवता डाव भरून जातो.

परवा माझ्यासमोर हा डाव होता, ० म्हणजे रिकामं घर:

```
  ०    ०    ०    ०
  २    ०    ०    ०
  ४    ८   १६   १६
५१२  १२८   ६४   ३२
```

दोन १६ दिसताहेत. सवयीने अंगठा डावीकडे जातो, पण तसं केलं तर त्यांचा ३२ होऊन ६४ च्या डोक्यावर बसतो आणि खालच्या ३२ पासून एक घर लांब राहतो. खालची ओळ भरलेली आहे, जोडी नाही, म्हणजे इथे उजवीकडे निर्धोक. मी उजवीकडे गेलो: ३२ वर ३२ आला. मग खाली, आणि ओळ झाली ५१२, १२८, ६४, ६४.

आता उजवीकडचं दार बंद, कारण जोडी तयार झाली. डावीकडे जाऊन ती मिळवावी असा मोह होतो, पण मी थांबलो. वरची, म्हणजे तिसरी ओळ होती: रिकामं, ४, ८, २. डावीकडे सरकवलं असतं तर तीही डावीकडे गेली असती, आणि ६४ ची जोडी मिळाल्यावर खाली उजवीकडे जे घर रिकामं होणार, त्याच्यावर टाकायला काहीच उरलं नसतं. नशिबाने नवीन २ पहिल्या स्तंभात अगदी वर आला होता. आधी एकदा खाली केलं. तो २ तिसऱ्या ओळीतल्या भोकात बसला. आता ती ओळ २, ४, ८, २, म्हणजे भरलेली, डावीकडे न हलणारी. मग दोनदा डावीकडे: पहिल्यांदा ६४ चे १२८, दुसऱ्यांदा १२८ चे २५६. (एका स्वाइपमध्ये नुकतीच जुळलेली टाइल लगेच पुन्हा जुळत नाही, म्हणून दोनदा.) मधल्या नव्या टाइल वरच पडल्या. शेवटी खाली, तेव्हा ८ आणि २ मोकळ्या घरांत उतरले: ५१२, २५६, ८, २. ओळ पुन्हा भरली, उजवीकडचं दार उघडलं. २५६ शेजारी ८ हे काही देखणं नाही, पण चालतं.

कधीकधी वर जावंच लागतं. खालच्या दोन्ही ओळी भरलेल्या, कुठेच जोडी नाही आणि वरची आठही घरं रिकामी, अशा वेळी दुसरा स्वाइप चालतच नाही. वर सरकवल्यावर सगळे घाईघाईने खाली करतात, तिथेच चुकतात. नवी टाइल आता खालच्या आठ घरांपैकी कुठेतरी येते. त्यातली दोन ५१२ च्या स्तंभातली, म्हणजे चारात एकदा ती मोठ्या टाइलच्या पोटाखाली येणार. आधी बघा ती कुठे पडली. बाकीच्या तीन स्तंभांत कुठे असेल तर खाली करा, कोपरा शाबूत राहतो. ५१२ च्याच खाली असेल तर आधी उजवीकडे करा: वरच्या दोन्ही भरलेल्या ओळी हलणार नाहीत, एकटी ती टाइल उजव्या कडेला जाईल. त्यानंतर पुन्हा एक नवी टाइल येणार, तीही डाव्या स्तंभात पडली तर पुन्हा उजवीकडे. मग खाली. किंमत एवढीच, की उजवीकडच्या आकड्यांखाली बारक्या टाइल घुसतात.

ही युक्ती दोन्ही ओळी भरलेल्या असल्या तरच चालते. तिसरी ओळ अर्धवट असताना अंगठा घसरून वर गेला, तर स्तंभ खालीवर होतात आणि उजवीकडे करताच ५१२ ही निघू शकतो. गेल्या आठवड्यात बस खड्ड्यात गेली तेव्हा माझं हेच झालं. तेव्हा १०२४ कोपऱ्यात होता.