तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेशर कमी केलं तर अभ्यासही कमी होईल का?

"मॅडम, तुम्ही म्हणता प्रेशर देऊ नका. पण आम्ही मागे लागलो नाही तर ती पुस्तक उघडणारच नाही, मग बोर्डाला काय करायचं?"

पालकहो, प्रिलिमचे पेपर हातात पडले की पुढचे आठ दिवस माझ्या केबिनमध्ये हेच चालू असतं आणि दरवेळी घाईत अर्धवट काहीतरी बोलून होतं, म्हणून यंदा सरळ पत्रच लिहितेय. मागे लागू नका असं मी म्हणत नाहीये. कशाच्या मागे लागता ते बघा, एवढंच.

एक केस सांगते, मुलीचं नाव सांगणार नाही. दहावीची मुलगी, गणिताचा 80 मार्कांचा 3 तासांचा पेपर, मिळाले 46. बाबांनी घरी हिशोब केला की अभ्यास कमी पडतोय, म्हणून रात्रीचे दोन तास वाढवले. मुलगी दीडला झोपायची, साडेसहाला उठायची आणि पुढच्या टेस्टला मार्क अजून खाली आले. मग दोघं माझ्याकडे आले, बाबा रागात आणि मुलगी गप्प.

मी तिला तोच पेपर परत दिला, पुस्तक नाही, घड्याळही नाही, आणि म्हटलं जे चुकलंय आणि जे सुटलंय तेवढंच सोडव. गेलेल्या 34 मार्कांचं काय झालं ते तासाभरात समोर आलं. 8 मार्कांचं खरंच येत नव्हतं, वर्तुळाची प्रमेयं तिला कळलीच नव्हती. 12 मार्कांची गणितं तिने माझ्यासमोर शांतपणे सोडवली, म्हणजे येत होती पण हॉलमध्ये सुचली नाहीत किंवा चिन्हाची चूक झाली. आणि 14 मार्कांना तिने हातच लावला नव्हता, वेळ संपला, त्यातलीही बरीचशी तिला आली. म्हणजे बाबांनी जे औषध दिलं होतं, जास्त तास, ते लागू पडत होतं फक्त 8 मार्कांना.

मी विचारलं वेळ कुठे गेला. तर एका 3 मार्कांच्या गणिताला तिने जवळजवळ 22 मिनिटं दिली होती. का सोडलं नाहीस? तर म्हणाली, "बाबा म्हणतात एकेक मार्क महत्त्वाचा आहे." बाबा शेजारीच बसले होते. ते वाक्य त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं असणार, पण त्याच वाक्याने ती 3 मार्कांना चिकटून बसली आणि शेवटचे 14 गेले. प्रेशरचं हे असंच असतं, आळस घालवायला म्हणून आपण ते देतो आणि ते जाऊन बसतं भलत्याच ठिकाणी. गणित सोडवताना डोक्यात आकडे धरून ठेवायला जी थोडीशी जागा असते ना, तीच जागा "आता काय होणार" हा विचार खातो, म्हणून घरी येणारं हॉलमध्ये सुचत नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. रोज संध्याकाळी घरी प्रश्न असायचा, किती झालं? आता "किती" असं विचारलं की मूल पानं मोजतं, आणि पानं पटापट कशाने होतात, तर वाचून. हायलायटर घेऊन दोन धडे वाचले की झाले. मी त्याला दाखवायचा अभ्यास म्हणते. मुलं मुद्दाम फसवत नाहीत हं, त्यांनाही खरंच वाटतं की झालं, कारण परत परत वाचलेलं ओळखीचं वाटतं. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक बंद करून आठवणं वेगळं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं, लगेच परीक्षा घेतली तर नुसतं परत वाचणारे पुढे, आठवड्यानंतर घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. बोर्डाची परीक्षा वाचल्यावर पाच मिनिटांत नसते.

मग आम्ही पाच आठवड्यांत केलं ते एवढंच. "किती झालं" बंद, त्याऐवजी "कुठे अडलं". आईने रोज दहा मिनिटं पुस्तक स्वतःच्या हातात धरायचं आणि मुलीने कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, चुकलं तर आईने फक्त खूण करायची, लेक्चर नाही. प्रमेयं तिने शाळेतल्या बाईंकडून समजून घेतली. वेळेसाठी साधा हिशोब, मार्काला 2 मिनिटं, म्हणजे 80 मार्कांना 160 आणि 20 मिनिटं तपासायला उरतात. 3 मार्कांच्या गणिताला 8 मिनिटं झाली की दिलेली माहिती आणि सूत्र लिहून ठेवायचं, खाली जागा सोडायची आणि पुढे जायचं, स्टेप्सचे काही मार्क मिळू शकतात. हे नुसतं सांगून जमत नाही, सोडून देण्याची प्रॅक्टिस करावी लागते, म्हणून आठवड्यातून दोनदा 16 मार्कांची गणितं, 32 मिनिटांचा टायमर, वाजला की पेन खाली. आणि झोप. या वयाला 8 ते 10 तास लागतात, ही पाचावर होती. रात्री अकरानंतर ती नुसत्या नोट्स सुंदर अक्षरात उतरवून काढायची, ते बंद केलं, झोप साडेसातपर्यंत आली. एकूण तास कमी झाले, पण मेहनत वाढली, कारण कोरा कागद वाचनापेक्षा कितीतरी जास्त दमवतो.

पहिला आठवडा वाईट गेला, हे आधीच सांगून ठेवते. मुलगी रडायला लागली, मला काहीच येत नाही म्हणून, आणि आईचा फोन आला की जुनंच बरं होतं. इथेच बरेच जण सोडून देतात. त्या दिवसाच्या मूडवरून ठरवू नका, सोमवारी चुकलेलं गणित गुरुवारी न बघता येतंय का ते बघा. येत असेल तर चालू ठेवा. आणि "कुठे अडलं"ची उलटतपासणी झाली, "अजून हेच अडतंय?" असा सूर लागला, की मूल अडलेलं सांगायचं बंद करतं, मग ते तुम्हाला परत प्रिलिमलाच कळणार.

हे सगळं साध्या टेन्शनसाठी आहे. मूल दोन आठवडे धड झोपत नाहीये, जेवण सुटलंय, कोणाशी बोलत नाहीये, तर टाइमटेबल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. "मी नसलेलीच बरी" असं काही एकदा जरी बोललं तरी त्याच दिवशी जा, त्याला एकटं ठेवू नका आणि परीक्षा होऊ दे मग बघू असं तर अजिबात नको.

त्या मुलीला पुढच्या सराव पेपरला 59 मिळाले. 21 गेले होते, पण सुटलेलं गणित एकच होतं, तेही 3 मार्कांचं, सूत्र लिहून खाली जागा सोडलेली. बाबांनी पेपर हातात घेतला, ती मोकळी जागा बघितली, तोंडावर काहीतरी आलं होतं ते गिळलं आणि विचारलं, "इथे कुठे अडलं?"