दिवाळीचं कॅलेंडर आणि एकच टिक

कापडाच्या दुकानासाठी २०२५च्या दिवाळीचं कंटेंट कॅलेंडर आखताना फोटो, रील, ऑफरचा मजकूर हे सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून गिऱ्हाइकांचे नंबर काढले. एका लिस्टमध्ये जास्तीत जास्त २५६ नंबर बसतात, म्हणून चार याद्या केल्या. घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, साड्यांचा पहिला टीझर पाठवला. संध्याकाळपर्यंत फोन शांत. मेसेज दाबून धरून ‘इन्फो’ उघडलं, तर ‘डिलिव्हर्ड’खाली मोजकीच नावं. पुन्हा पाठवला, फोटो लहान करून पाठवला, वेळ बदलून पाहिली, तेच.

कारण अगदी साधं आहे. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो. आपण त्यांचा नंबर सेव्ह करून काही उपयोग नाही. गिऱ्हाइकानं बिलावर नंबर दिला म्हणजे दुकानाचा नंबर त्याच्याकडे सेव्ह आहे असं आपण धरून चालतो, तिथेच फसतो. आणि हे अ‍ॅप पाठवताना सांगत नाही. निमूटपणे एक टिक दाखवतं. स्टेटसचंही तसंच, दोघांकडे एकमेकांचा नंबर सेव्ह असेल तरच दिसतं.

म्हणून कॅलेंडरचं पहिलं पान टीझरचं नाही, नंबर सेव्ह करून घेण्याचं. गणपतीच्या आधीपासून, म्हणजे टीझरच्या निदान पाच-सहा आठवडे आधी, काउंटरवर क्यूआर लावायचा. त्यामागे ही लिंक:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Diwali
```

X च्या जागी दुकानाचा नंबर, मध्ये जागा किंवा + नको. स्कॅन केलं की मेसेज आयता लिहिलेला येतो, गिऱ्हाइकानं फक्त पाठवायचा. पण एवढ्यानं काम होत नाही, नुसता चॅट उघडतो. उत्तरात दुकानाचं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवायचं आणि बिल करणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं, “ताई, एवढं सेव्ह करा, नवीन माल आला की फोटो येतील.” पिशवी हातात द्यायच्या आधी म्हणायचं. पिशवी मिळाली की कोणी थांबत नाही.

मग खऱ्या टीझरच्या दहा दिवस आधी एक चाचणी मेसेज, बिनऑफरचा: दुकानाची सणातली वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘इन्फो’ बघायचं. ज्यांना पोचला नाही त्यांची वेगळी यादी करून त्यांना दुकानातून फोन. अनोळखी नंबरांना एकेक करून मेसेज ढकलण्याचा मोह होतो, तो आवरा. लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात आणि ऐन सणात खात्यावरच बंधन येतं. एसएमएसचा पर्यायही आयत्या वेळी सुचून उपयोगाचा नाही, कारण त्याला डीएलटी नोंदणी, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांकडची व्यावसायिक एसएमएसची नोंदणी, आणि हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव व मजकूर यांची मंजुरी आधी लागते.

बाकीचं कॅलेंडर शिंप्याकडून उलटं मोजायचं. आमच्याकडे ब्लाउज शिवणारे दिवाळीच्या दोन आठवडे आधी नवीन कापड घेणं बंद करतात. त्यामुळे दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, साड्यांचा जोर, आणि ७ तारखेनंतर साडीची एकही पोस्ट नाही. त्यानंतर दाखवली तर “शिवून कधी मिळेल?” एवढाच प्रश्न येतो. ८ पासून तयार कुर्ते आणि मुलांचे कपडे. फोटोखाली उपलब्ध साइझ लिहायचेच, नाहीतर दिवसभर तीच उत्तरं द्यावी लागतात. धनत्रयोदशीपासून, १८ तारखेपासून, नवीन काही नाही. फक्त दुकान किती वाजेपर्यंत उघडं आणि गाडी कुठे लावायची.

हो, तारखा पंचांगातूनच घ्या. लक्ष्मीपूजन आपल्याकडे २१ला होतं, पण इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी २० होतं आणि तयार डिझाइनमध्ये तेच छापून आलं होतं.

भाऊबीज २३ला झाली की ऑफर बंद. विक्रीनंतरचा मेसेज फक्त खरेदी केलेल्यांना जातो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस अ‍ॅपमध्ये बिल होतानाच ‘दिवाळी खरेदी’ हे लेबल लावून ठेवायचं. त्यात दोनच गोष्टी: बदलून घ्यायची शेवटची तारीख आणि पहिली धुलाई कशी करायची. ही तारीख बिलावरच्या तारखेशी जुळते का ते आधी तपासा. आमची जुळत नव्हती आणि दोन दिवस काउंटरवर वाद झाले. बदलायला येणारे बहुतेक मुलांच्या साइझसाठी येतात, तेवढे साइझ खिडकीत न लावता मागे राखून ठेवायचे.

पुढचा टीझर तुळशीच्या लग्नाला, २ नोव्हेंबरपासून, लग्नाच्या साड्यांचा. पण आधी त्या न पोचलेल्यांच्या यादीतले जे दिवाळीत दुकानात येऊन गेले, त्यांना त्या यादीतून काढा.