बरं बाप्पा

"तुह्या काकानं काल मले पटकी चिंतली," मावशी फोनवर म्हणाली. दुपारचे तीन वाजले होते आणि तिच्या मागे अकोल्याच्या कुलरची घरघर ऐकू येत होती.

"काय झालं?"

"काही नाही वं. चहात साखर जास्त झाली काय, इचारलं. त हसले आन् म्हनते, फटकी इली तुका."

"हसले ना पण?"

"हसून मरन चिंतते, म्हनजे अजूनच वाईट नाही काय?"

यावर काय बोलणार? मावशी दर्यापूरकडची, काका कुडाळचे. अकोल्याचं कृषी विद्यापीठ 1969 साली सुरू झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी काका तिथे कारकून म्हणून लागले. दापोलीचं विद्यापीठ थोडं आधी निघालं असतं तर आपण वऱ्हाडात आलोच नसतो, असं ते अजूनही म्हणतात, आणि मावशी समोर असली की मुद्दाम म्हणतात. लग्न झालं 1975 मध्ये. पन्नास वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात तिला सुक्या बांगड्याचा वास चालायला लागला, त्याला आंबाडीची भाजी आवडायला लागली. पटकीचं मात्र जमलं नाही.

कोकणात ज्यांचं आजोळ आहे त्यांना हे सांगायला नको. तिथे माणूस जितका जवळचा तितकी शिवी मोठी. पोर वर्षानं गावाला आलं की आजी त्याच्या तोंडावरून हात फिरवत आधी त्याचा उद्धार करते, मग खायला देते. कौतुक उघड करायचं नाही, दृष्ट लागते, म्हणून जिभेनंच काळी तीट लावून ठेवायची. फटकी म्हणजे पटकी, कॉलरा. त्या रोगानं कोकणातही घरं रिकामी केलीच असतील, पण तिथल्या बायकांनी त्याला लाडाच्या शब्दांत बसवून टाकलं.

मावशीच्या माहेरी तसं झालं नाही. तिच्या आजीची दोन पोरं एकाच आठवड्यात पटकीनं गेली होती. त्या घरात त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. "तो रोग" म्हणायचे. गावाबाहेर मरीआईचं ठाणं होतं, आषाढात तिला निवद जायचा, आणि त्या वाटेनं जाताना पोरांनी गप्प राहायचं असा दंडक होता. आई आणि मावशी दोघी तशाच वाढल्या. आई अजूनही टीव्हीवर कुठे साथ आली असं सांगायला लागले की आवाज कमी करते.

अशी ही मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा कुडाळला गेली. कोकण रेल्वे तेव्हा नुसती स्वप्नातच होती. अकोल्याहून रात्रभर मुंबई, मुंबईहून पुन्हा रात्रभर एसटी, घाटात दोनदा ओकारी. अंगणात उतरली तेव्हा उभं राहवत नव्हतं. सासू धावत आली, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "फटकी इली तुका, किती वाळलंस गो!" मावशीनं तो माप ओलांडायचा पाय तिथेच थांबवला. सासूला वाटलं, पोर लाजली.

काकांनी रात्री समजावलं असेल. नंतर हजारदा समजावलं. मावशीला अर्थ कळतो, ती बावळट नाही. शेजारणीला ती स्वतःच सांगते की त्यांच्याकडे असं प्रेमानं बोलतात म्हणून. पण कळणं डोक्यात होतं आणि पटकी पोटात जाते. काका ते बोलले की ती आत जाते, मूठभर मीठ-मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या घेऊन येते आणि त्यांच्यावरून उतरवते. स्वतःवरून नव्हे, त्यांच्यावरून! कारण तिच्या हिशेबानं असलं अभद्र बोलणाऱ्याच्याच जिवाला धोका. मग मिरच्या गॅसवर टाकते, सगळं घर खोकतं, आणि काकांना वाटतं, आपण लाडात बोललो तर ही आपल्याला धुरी देते.

लहानपणी मे महिन्यात आम्ही अकोल्याला जायचो तेव्हा सकाळी दारात एक छोटं नाटक चालायचं. काका सायकल काढायचे आणि मावशी मागून येऊन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटा पांढरा कांदा टाकायची. वैशाखात कांदा खिशात न ठेवता बाहेर पडणारा माणूस वऱ्हाडात एक तर परका असतो नाही तर तऱ्हेवाईक. ऊन लागू नये म्हणून कांदा, गळ्यात दुपट्टा, घरी आल्यावर पन्हं. तिला याहून जास्त काही बोलता येत नसे. काका मात्र तो कांदा टोमणा म्हणून घ्यायचे. कोकण्याला आमचं ऊन सोसत नाही, असं ही गल्लीला दाखवते आहे! कोपऱ्यावर वळले की तो कांदा भजीवाल्याच्या टोपलीत जायचा. मी मागे कॅरियरवर बसलेलो असायचो, मला पेपरमिंटच्या गोळीवर गप्प केलेलं असायचं. एका वर्षी त्यांना खरंच ऊन लागलं, दोन दिवस झोपून होते. मावशी उशाशी बसून म्हणत होती, "कांदा होता नं खिशात, तरी कसं झालं बाप्पा?" काका भिंतीकडे तोंड करून पडले होते.

बाप्पा. खरी गोष्ट या बाप्पाचीच आहे.

वऱ्हाडात बोलताना बाप्पा येतोच. हो बाप्पा, काय बाप्पा, कसं करतं बाप्पा. त्यात गणपती नाही आणि बापही नाही. वाक्याला तुपाचं बोट लावावं तसा तो येतो, आणि मावशीच्या तोंडी तो सगळ्यात जास्त काकांशी बोलतानाच येतो. "बरं बाप्पा" म्हणजे चालेल, तुमचं खरं, मला आवडलं. काकांच्या कानाला मात्र ते "बरं बाबा, जिंकलास तू, हात जोडते" असं ऐकू येतं. मग ते वरमतात आणि विषय सोडून देतात. त्या घरातली बहुतेक भांडणं अशीच मिटलेली मी पाहिली आहेत. मावशी "बरं बाप्पा" म्हणून होकार देते, काका तो नकार समजून माघार घेतात, मावशीला वाटतं माणूस किती समजूतदार. कुणी तक्रार करावी?

काका निवृत्त व्हायला आले तेव्हाची गोष्ट. कुडाळचं घर भावांच्या वाटणीत त्यांच्याकडे आलं होतं. चिऱ्याच्या भिंती, मागे दोन रातांबे, विहीर. त्यांना तिकडे जायचं होतं. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ते खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत विहिरीच्या गोष्टी सांगायचे. त्यांनी दोन रात्री मावशीपुढे हा विषय मांडला. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत हेही प्रामाणिकपणे सांगितलं. तिसऱ्या रात्री मावशी म्हणाली, "बरं बाप्पा, तुमी म्हना तसं."

काका रात्रभर जागे होते, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. म्हणाले, "तिचा सगळा गणगोत हय. मी आपलो ओढून नेतंय. ता हात जोडून बरां म्हणाला, आता काय बोलायचा?" सकाळी त्यांनी जाहीर केलं की कुडाळचं घर चुलत भावाला राहायला देऊ, आपण इथेच राहू.

आणि आईकडून मला दुसरी बाजू माहीत आहे. त्या तिसऱ्या रात्रीच्या आधीच मावशीनं आईला फोन करून विचारलं होतं की दमट हवेत कुरड्या टिकतात का. लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या शेजारी देऊनही टाकल्या होत्या. तिला समुद्र आवडला होता. म्हातारपणी एकदा तरी दारात पाऊस चार महिने पडताना बघायचा, असं तिच्या मनात होतं. काकांनी बेत मोडला तेव्हा तिला वाटलं, आपल्या माहेराजवळ आपल्याला ठेवायचं म्हणून यांनी घरावर पाणी सोडलं. केवढं मोठं मन! मग तिनंही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बरण्या मात्र परत मागवल्या.

म्हणजे दोघांनाही जायचं होतं आणि दोघं एकमेकांसाठी राहिले. दर मे महिन्यात घामाघूम होऊन एकमेकांचे उपकार स्मरतात. हे मी दोघांनाही सांगितलेलं नाही, सांगेन असंही वाटत नाही. आता काका ऐंशीच्या घरात आहेत, त्या विहिरीच्या पायऱ्या निसरड्या आहेत आणि कुलरवर त्यांनी दोन वर्षांपूर्वीच नवीन पत्रा घातला आहे.

एक गोष्ट मात्र मावशीला कधी तरी सांगायला हवी. काका तिच्याबद्दल बोलताना "ता" म्हणतात, आणि पाहुण्यांसमोर "ता खय गेला?" असं विचारलं की तिचा चेहरा उतरतो. "मी काय गाठोडं हाये?" असं ती आईजवळ म्हणाली होती. मालवणीत तो इलो, ती इली, आणि ता इला. ता हे चेडवासाठी, लहान पोरीसाठी. मोठ्या बाईला, सासूला, मास्तरणीला ती. काका स्वतःच्या वहिनीलाही ती म्हणतात. त्र्याहत्तर वर्षांच्या, गुडघे बदललेल्या, दोन नातवंडांच्या आजीला ते अजून ता म्हणतात. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही हे माहीत नसावं. व्याकरण आपोआप चालतं.

तर सध्या असं चाललं आहे की या गणपतीला दोघांनी कुडाळला जावं, असं घरात निघालं. मी काकांना विचारलं, ठरलं का?

"खयचा ठरता," ते म्हणाले. "ता 'बरं बाप्पा' म्हणाला."

मावशीला फोन केला तर ती साड्यांना फॉल लावत बसली होती. गणपतीची कोकण रेल्वेची तिकिटं उघडल्या उघडल्या संपतात, या दोघांचं ठरेपर्यंत दिवाळी येईल, म्हणून मीच सकाळी आठ वाजता बसून काढली. वेटिंगवर आहेत.