८४ पंखे परत आले तो दिवस

मार्चमधली गोष्ट, पाडव्याला आठवडा राहिला होता. सकाळी साडेदहाला वाघोलीच्या डेपोतून फोन, "मॅडम, तपकीर गल्लीतनं छोटा हत्ती आलाय, ८४ पंखे आहेत, परत घ्या म्हणतोय, डेबिट नोट नाही, ई-वे बिल नाही, काय करू?" मी विचारलं कोणाचे, तर त्याने आमच्या एका जुन्या डीलरचं, ज्यांना मी काका म्हणते त्यांच्या दुकानाचं नाव सांगितलं आणि मला खरं वाटेना. कारण हा माणूस चाळीस वर्षं धंद्यात आहे आणि साधा रेग्युलेटर बदलायला पाठवला तरी चलन करतो. त्याने अडीच लाखांच्या घरातला माल बिनकागदाचा गाडीत घातला म्हणजे हिशोबाच्या पलीकडे काहीतरी झालंय. मी डेपोला सांगितलं गाडी उभी ठेव, उतरवू नको, परत पण पाठवू नको, आणि स्कूटर काढून तपकीर गल्ली, म्हणजे पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार, गाठली.

मी एका पंख्याच्या कंपनीत पुण्याचा एरिया बघते. हे आमचं बीएलडीसी मॉडेल, रिमोटवालं, साध्या पंख्याला जिथे ७५ वॅट लागतात तिथे हा तिसाच्या आसपास चालतो. एमआरपी ४,९९०, पण त्या आकड्याला गल्लीत कोणी विचारत नाही. डीलरला बिल २,८०० ला, जीएसटी धरून. शंभर नग उचलले की ४ टक्के स्कीम, म्हणजे ११२ रुपये, आणि सात दिवसांत पैसे दिले की आणखी २ टक्के सीडी, म्हणजे रोखीची सूट. सगळं वजा जाता काकांना पंखा २,६३४ ला पडला होता. याला आम्ही एनएलसी म्हणतो, आणि डीलर झोपेतसुद्धा हा आकडा विसरत नाही. काउंटरवर ते ३,१५० ला विकत होते. फेब्रुवारीत त्यांनी १२० नग भरले, ३६ गेले, ८४ राहिले.

आणि ते १२० भरायला मीच लावले होते. काकांनी विचारलं होतं, "तुमची कंपनी स्वतःच ऑनलाइन विकणार म्हणे, मग मी एवढा माल कशाला घेऊ?" मी त्यांना सांगितलं, काका, २,९९९ च्या खाली जाणार नाही, तुमच्या पोटावर पाय येणार नाही. माझ्याकडे ऑनलाइन टीमचा तसा लेखी मेसेज होता.

दुकानात पोचले तर काका काही बोललेच नाहीत. मुलाने मोबाईल पुढे केला. त्यांच्याकडे नेहमी येणारा एक वायरमन, महिन्याला दहा-बारा पंखे नेणारा, त्याच्या गिऱ्हाईकाने आदल्या संध्याकाळी आमच्याच साइटवर ऑर्डर केली होती आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला होता, २,४४९. काकांच्या पडत्या भावाच्या १८५ रुपये खाली. दोन्ही आकडे जीएसटी धरूनच आहेत, त्यामुळे तिथे पळवाट नाही.

"अगं, मी तुझ्या शब्दावर भरला माल," एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मी तिथेच स्टुलावर बसून स्वतःच्या मोबाईलवरून तो पंखा कार्टात टाकला. पानावर भाव २,९९९, अगदी मेसेजमध्ये होता तसाच. पुढच्या पानावर 'पहिली ऑर्डर' म्हणून १० टक्के कूपन आपोआप लागलं, २,६९९. त्याच्या पुढे एका बँकेच्या कार्डावर आणखी २५०, म्हणजे २,४४९. हेड ऑफिसला फोन लावला तर तिथला मुलगा मनापासून सांगतोय की मॅडम भाव बदललेलाच नाही, कूपन मार्केटिंगच्या बजेटमधून जातं, कार्डाचे अडीचशे बँक देते, आमच्या शीटमध्ये विक्री २,९९९ चीच आहे. तो खोटं बोलत नव्हता. त्याचं टार्गेट वेगळं, हिशोब वेगळा, त्याने आयुष्यात डीलरचं काउंटर पाहिलेलं नाही आणि एनएलसी किती हे त्याला कोणी सांगितलेलंही नाही. पण गल्लीत कूपन कोणाच्या खिशातून गेलं हे कोण विचारतो? गिऱ्हाईकाच्या खात्यातून किती गेले तोच भाव. मी फेब्रुवारीत पहिलं पान बघून शब्द दिला, शेवटचं पान बघितलं नाही. हे मला अजून टोचतं, कारण ते बघायला दोन मिनिटं लागली असती.

तेवढ्यात काकांच्या मुलाने दुसरी गोष्ट दाखवली. एका मोठ्या मार्केटप्लेसवर तोच पंखा २,५७९ ला, कूपन-बिपन काही नाही, आणि विकणारा भलताच कोणी. काकांना वाटलं हाही आमचाच उद्योग. मला मात्र तो आकडा खटकला. मार्केटप्लेसचं कमिशन आणि कुरियर धरलं तर त्या विक्रेत्याला पंखा २,३०० च्या आसपास पडायला हवा, आणि तेवढ्याला आम्ही कोणालाच बिल करत नाही. असा भाव दिसला की समजायचं कोणीतरी अडकलेला माल तोट्यात सोडतोय. मी तिथूनच एक नग मागवला. दोन दिवसांनी आला तेव्हा खोक्यावरचा सिरीयल नंबर नखाने खरवडलेला होता. पण खरवडणाऱ्याला हे माहीत नसतं की तोच नंबर मोटरच्या बॉडीवर, वरच्या कॅनपीखाली झाकला जातो तिथेही असतो. डेपोच्या डिस्पॅच स्कॅनमध्ये टाकला तर नाव निघालं आमच्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या डिस्ट्रिब्युटरचं. ३१ डिसेंबरला तिमाहीचा स्लॅब, म्हणजे जादा सूट मिळवून देणारा नगांचा टप्पा, गाठायला त्याच्या गळ्यात ६०० नग बांधले होते, थंडीत पंखे! आमच्याच लोकांनी बांधले, आमची प्रायमरी, म्हणजे कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरला झालेली विक्री, पूर्ण दिसावी म्हणून. विकले जाईनात, पैसे अडकले, मग त्याने स्लॅबचा मिळालेला पैसा भावात सोडून दोनेकशे नग एका ऑनलाइन विक्रेत्याला दिले. मीटिंगमध्ये सगळे त्या डिस्ट्रिब्युटरवर तुटून पडले, मला ते पटलं नाही. पाणी जिकडे उतार तिकडे जाणार, उतार आपण केला.

त्या दिवशी मात्र प्रश्न ८४ पंख्यांचा होता. काकांची मागणी साधी, सगळ्यांना सांगा ३,००० च्या खाली विकायचं नाही. ऐकायला न्याय्य वाटतं, पण कंपनीला ते तसं करता येत नाही. डीलरने किती सूट द्यायची यावर कंपनीने बंधन घातलं आणि मोडणाऱ्याला दंड केला, तर ते स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) मध्ये अडकू शकतं. मारुती सुझुकीला याच कारणासाठी स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये २०० कोटींचा दंड ठोठावला होता, पुढे ते अपिलात गेलं. आमच्या हातात काय, तर आमच्या स्वतःच्या साइटवरचा भाव, आणि ज्याच्याकडे माल गळतोय त्याला किती माल द्यायचा हे.

मग दुसरं मॉडेल काढा, ऑनलाइनला वेगळं, असं मुलगा म्हणाला. बऱ्याच कंपन्या करतात ते. पण पंख्याला १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल बंधनकारक आहे आणि मॉडेल नोंदवावं लागतं, पाडव्याच्या आत नुसतं नाव बदलून होत नाही. शिवाय मोटर तीच, पाती तीच, फक्त रंगाची पट्टी वेगळी असेल तर वायरमन एका दिवसात ओळखतो.

राहिली प्राइस प्रोटेक्शन, म्हणजे भाव उतरला की डीलरकडे पडून असलेल्या मालावरचा फरक कंपनीने भरून देणं. अकाउंट्सने फोनवर उडवूनच लावलं, बिलाचा भाव उतरलेला नाही तर प्रोटेक्शन कसलं! मी तेव्हा दुकानाबाहेर पासोड्या विठोबाच्या दिशेने चालत चालत पाऊण तास भांडले. शेवटी सेल्स हेडने मानलं, नगामागे २०० रुपये, ८४ नगांचे १६,८००. तेही जीएसटी सोडून, नुसती कमर्शियल क्रेडिट नोट, कारण विक्रीनंतरची सूट जीएसटीतून वजा करायची तर तेव्हाच्या नियमाने ती आधी ठरलेली असावी लागायची आणि बिलांशी जुळावी लागायची, इथे तसलं काहीच नव्हतं. अट एकच, नग मोजून सिरीयल नंबर बिलांशी जुळवायचे. दुपारी तीनला डेपोत गेले, गाडीतच एकेक खोकं स्कॅन केलं, ८४ च्या ८४ त्यांच्याच बिलांवरचे निघाले. काकांनी इकडचातिकडचा एक नग घुसवला नव्हता, हे मी मेलमध्ये मुद्दाम लिहिलं. गाडी संध्याकाळी परत गल्लीत गेली.

पुढच्या पंधरा दिवसांत दोन गोष्टी झाल्या. सीझनपुरतं हे मॉडेल कूपनमधून काढलं, आणि कुठलीही ऑफर लावण्याआधी पैसे भरायच्या पानावरचा आकडा मला पाठवायचा असं ठरलं, तो एनएलसीच्या खाली गेला तर ऑफर थांबते. दुसरं, पुण्याच्या पिनकोडवरच्या साइटच्या ऑर्डरी काकांसारख्या तीन डीलरकडून द्यायच्या, त्यांच्याच स्टॉकमधून, वर बसवून देण्याचे पैसे वेगळे. कागदावर छान दिसतं. पहिल्या महिन्यात काकांना ११ ऑर्डरी आल्या, त्यातल्या ४ त्यांनी सोडल्या, कारण एका पंख्यासाठी हिंजवडीपर्यंत माणूस पाठवणं परवडत नाही. आणि काउंटरवर तीन-तीन पंखे चालवून बघून, आवाज ऐकून, फोटो काढून निघून जाणाऱ्या लोकांचं काहीच झालेलं नाही. त्या दाखवण्याचा मोबदला दुकानदाराला कुठल्याच शीटमध्ये मिळत नाही, आणि लोकांनाही त्याचं काही वाटत नाही.

काका माझ्याशी नीट बोलतात, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. पण शंभराचा स्लॅब त्यांनी परत घेतला नाही. मी ऑर्डर घ्यायला गेले की आधी म्हणतात, "मोबाईल काढ." मग मी त्यांच्यासमोर पंखा कार्टात टाकते, शेवटच्या पानापर्यंत जाते, ते चष्मा लावून आकडा बघतात. गेल्या वेळी विचारलं, "हा आकडा कधीपर्यंत असाच राहील?" मी खरं तेच सांगितलं, रविवारपर्यंतचं मला माहीत आहे, पुढचं नाही. त्यांनी मान हलवली आणि वहीत २० नग लिहिले.