दोन शेपट्यांची बाहुली

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन आणि बक्षिसं दरवर्षी तशीच असतात, त्यांच्याबद्दल काय लिहायचं! मला लिहायचंय ते तिसरी-चौथीच्या इंग्रजी बाहुलीनाट्याबद्दल. ते दरवर्षी शेवटी ठेवतात, आणि तोवर आपल्या पोराचा नाच संपलेले पालक पोराला घेऊन घरी पोचलेले असतात. हे मी प्रत्येक सभेत बोलले आहे, इथेही बोलते.

नाटक सात मिनिटांचं. पहिल्या वर्षी ते पंधरा मिनिटांचं लिहिलं होतं. आठ वर्षांचं पोर डोक्यावर हात धरून तेवढा वेळ उभं राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. निम्म्यात बाहुल्या एकेक करून पडद्याआड बुडाल्या आणि पुढचं भांडण लोकांनी नुसतं ऐकलं. तेव्हापासून सातच मिनिटं. बाहुल्या जुन्या पायमोज्यांच्या, आत पुठ्ठ्याचा जबडा. बोलताना अंगठा खाली पाडायचा असतो, पण मुलं हटकून वरची चार बोटं उचलतात आणि बाहुली छताशी गप्पा मारतेय असं दिसतं. म्हणून पंधरा दिवस माझा एकच घोष चालतो : ‘‘अंगठा पाडा रे, अंगठा!’’

गोष्ट साधी आहे. एसमामा शेपट्यांची पिशवी घेऊन गावात येतो आणि ‘अनेक’ व्हायचंय त्याला एकेक शेपटी डकवतो. कॅटला लावली की ती ‘स’ वाजते, डॉगला ‘झ’, हाऊसला ‘इझ’. मग तो माऊसकडे वळतो. माऊस उसळतो, ‘‘मी माऊसेस होणार नाही, मी माईस!’’ हाऊस म्हणतं, ‘‘आपलं यमक जुळतं, मी घेतली की शेपटी. तुलाच काय धाड भरली?’’ त्यावर माऊसचं उत्तर : ‘‘हजार वर्षांपूर्वी तुला तरी कुठे होती? तेव्हा एक हूस, दोन हूसच होतं!’’ हे मी मनचं लिहिलेलं नाही, जुन्या इंग्रजीत खरंच तसं होतं. ही ओळ मी तिसऱ्या वर्षी घातली, कारण आधीच्या वर्षी नाटक बघून आलेल्या चार मुलांनी वहीत ‘हाईस’ लिहिलं होतं.

माऊस मग आपली कैफियत मांडतो. फार पूर्वी त्याच्या अनेकवचनाच्या टोकाला ‘इ’ असायची. ती येणार म्हणून जीभ आधीच पुढे सरकायची आणि मधला ‘ऊ’ बदलायचा. पुढे टोकाची ‘इ’ झडून गेली, बदललेला स्वर तेवढा राहिला. ‘‘आम्ही शेपटी लावत नाही, पोट बदलतो,’’ असं तो म्हणाला की मागून फूट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस ही भावकी डोकी वर काढते. तेवढ्यात आपला मराठी उंदीर डोकावतो : ‘‘आमच्यात एक उंदीर, दहा उंदीर. कसली भांडणं करता!’’ इथे हशा ठरलेला.

आणि मग चाइल्ड येतं. इथे दरवर्षी माझा चष्मा धुकटतो. त्या बाहुलीला मागे दोन शेपट्या आहेत, एक लाल ‘र’ची, एक पिवळी ‘न’ची. ती म्हणते, ‘‘मला आधी ‘र’ होता, मी चिल्ड्रे होते. पुढे लोकांना वाटलं, एवढ्यानं ही अनेक वाटत नाही. म्हणून ऑक्सनच्या शेपटीसारखा ‘न’ आणून जोडला. मी दोनदा अनेक झालेय. आता तिसरी नको हं, मामा.’’ एसमामा पिशवीचं तोंड बांधतो. दर वर्षी नवं पोर हे म्हणतं आणि ‘नको हं’वर प्रत्येकाचा आवाज निराळा लागतो.

एका वर्षी नाटकानंतर लगेच पाहुण्यांचं भाषण होतं. त्यांनी ‘‘डिअर चिल्ड्रन्स’’ अशी सुरुवात केली आणि पडद्यामागून सहा आवाज आले, ‘‘तिसरी नको हं!’’ पाहुणे हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत.

आता आभार. मोजे धुऊन जबडे शिवणाऱ्या आहारवाल्या ताई, पडद्याला आपली जांभळी साडी देणाऱ्या दुसरीच्या बाई, बाकं आडवी करून देणारे शिपाईकाका, मुलांचा आवाज कापडात अडकतो म्हणून माईक दोरीनं वरून टांगणारे मांडववाले दादा, दोन्ही शेपट्या विणणारी माझी सासू, आणि डोळ्यांची बटणं फुकट देणारे कोपऱ्यावरचे टेलर. पेटीवाले सर राहिलेच की! आणि ज्यांच्या मुलाचा डावा मोजा आम्ही माऊससाठी मागून घेतला ते पालक. उजवा त्यांच्याकडेच आहे, डावा परत करायचा राहिलाय.