पुण्यात मी, कागदांमागे बाबा

२०१९ मध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला. ओबीसी कोट्यातून. प्रवेशाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं, जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच होती. ती चालली आणि मुदत मिळाली. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर ती जागा हातची जाणार होती. होस्टेल, मेस, भाड्याची खोली, या गोष्टी महिनाभरात मार्गी लागल्या. हा एक कागद मात्र सहा महिने पुरला.

आमचं गाव वऱ्हाडात, तालुक्यापासून अठरा किलोमीटर. आम्ही कुणबी. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जात लिहिलेला पुरावा लागतो. (अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे.) तो पुरावा वडिलांकडच्या नात्यातलाच लागतो. आमच्याकडे आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल होती. १९५१ सालची नोंद, जात ‘कुणबी’. मला वाटलं, झालं काम.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, मेसेज काही येईना. दिवाळीला घरी आलो तेव्हा कळलं की अर्ज भरणाऱ्या सेंटरवाल्याने मोबाइल नंबर स्वतःचाच टाकला होता. समितीने त्रुटी काढून पाच आठवडे झाले होते आणि तो मेसेज त्याच्या फोनमध्ये पडून होता. मला आजही याचा राग येतो. अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्या, पण नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका आणि लॉगिनचा पासवर्ड लिहून घ्या.

त्रुटी अशी होती: रजिस्टरमध्ये आबाजींचं नाव ‘धोंडू वल्द तुकाराम’ एवढंच. आडनाव नाही. हे धोंडू आमचेच कशावरून? आमच्याकडच्या जुन्या नोंदी अशाच आहेत, नाव वल्द बापाचं नाव. आमच्या माहितीप्रमाणे आडनाव कागदावर पहिल्यांदा आलं ते मोठ्या बाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, शाळेत घातलं तेव्हा. पुण्यात मला सगळे आडनावानेच हाक मारत होते आणि त्याच आडनावाचा पुरावा गावात सापडत नव्हता.

सुट्टी संपली, मी परत गेलो. मग बाबांच्या चकरा सुरू झाल्या. कापूस वेचणीचे दिवस, मजूर मिळेना, आणि बाबा सकाळच्या एसटीने जिल्ह्याला. पहिल्या खेपेला संबंधित बाबू रजेवर. दुसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र लिहून नेलं, तर वंशावळीत मोठ्या बाबांचं नाव नाही म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला दुपारी चारपर्यंत व्हरांड्यात बसवून ‘सोमवारी या’ सांगितलं. रात्री बाबांचा फोन आला, “बेटा, मले काही समजून नाही राह्यलं. तू तिकून साहेबाशी बोलून पाह्यतं का?” त्या ऑफिसचा फोन कोणी उचलत नव्हतं. मी पुण्यात क्लासला बसायचो आणि माझ्यासाठी बाबांचा एकेक दिवस बुडत होता. ते मला फार लागलं.

मोठ्या बाबांचं नाव बाबांनी मुद्दाम टाकलं नव्हतं. ते १९९२ ला चिंचवडला कंपनीत लागले. पुढे वावराच्या हिश्शावरून बोलणं बंद झालं, लग्नाच्या पत्रिकाही थांबल्या. पण वंशावळीत खापरपणजोबांपासून खाली सगळे भाऊ दाखवावेच लागतात. माझ्या होस्टेलपासून त्यांचं घर बसने तासाभरावर होतं आणि मी चार महिन्यांत एकदाही गेलो नव्हतो.

गेलो. मोठ्या आईने आधी जेवायला वाढलं. चुलत दादाकडे २०१४ चं वैधता प्रमाणपत्र निघालं, फाईलसकट! वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसाची वैधता हा भक्कम पुरावा असतो. त्याच्या फाईलमध्ये आणखी एक कागद होता: कोतवाल बुकातली मोठ्या बाबांच्या जन्माची नक्कल, १९६६ ची, बापाचं नाव धोंडू तुकाराम, जात कुणबी, आणि पुढे आडनाव. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून ती त्यांनी तेव्हाच काढली होती. ज्या एका शब्दासाठी आम्ही अडलो, तो चिंचवडच्या कपाटात होता. मोठे बाबा म्हणाले, “फोन लाव तुझ्या बापाले.” दोघं आधी कापसाच्या भावावरच बोलले.

नव्या वंशावळीत दादाचं नाव जोडलं, ती दादाच्या फाईलमधल्या वंशावळीशी अक्षर न् अक्षर जुळवली. हे आधी करा. ‘धोंडू’ आणि ‘धोंडूजी’ एवढ्या फरकावरूनही विचारणा होते, म्हणून दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्रात लिहिलं. जानेवारीत प्रमाणपत्र आलं, मेसेज या वेळी माझ्या फोनवर. मी कॉलेजच्या जिन्यातच बाबांना फोन लावला.

अर्ज खरं तर अकरावी-बारावीत, कॉलेजमार्फतच करायचा असतो. धाकटा भाऊ अकरावीत गेला तेव्हा त्याचा अर्ज मी पुण्यातून भरला. माझं आणि दादाचं अशी दोन प्रमाणपत्रं जोडली. बाबांना फक्त सहीसाठी एकदा जावं लागलं.