फ्रेंच ऐकताना शब्द कुठे तोडायचा हेच कळत नव्हतं – माझा अनुभव

वाचता यायला लागलं होतं. म्हणजे सोपी गोष्ट समोर ठेवली तर डिक्शनरी फारशी न उघडता पार पडायची. पण तीच गोष्ट कुणी वाचून दाखवली की काहीच नाही, नुसती नळाची धार. आणि गंमत अशी की त्यातला एकही शब्द मला नवीन नव्हता. मला वाटायचं हे लोक फार फास्ट बोलतात, म्हणून मी ऑडिओ निम्म्या स्पीडला लावली, तर जे आधी भरभर कळत नव्हतं ते आता सावकाश कळत नव्हतं. धार बारीक झाली पण तुटली कुठेच नाही.

शेवटी एकच वाक्य धरून बसले. अर्थ साधा होता, मुलांनी आणखी एक पाकीट उघडलं. मजकूर न बघता जे ऐकू आलं ते मी देवनागरीत लिहिलं:

ले झां फां ओं तू वे र्यू नो त्रां व्लॉप

दहा तुकडे. यात मला 'ले' कळलं, आणि 'तू वेर' कळलं, कारण फ्रेंचमधे 'तू वेर' म्हणजे पूर्ण हिरवं. झालं, मुलं आहेत बहुतेक आणि काहीतरी हिरवंगार आहे असा अर्थ मी लावला. मग मजकूर बघितला तर शब्द सात होते: ले, आंफां, ओं, ऊवेर, यून, ओत्र, आंव्लॉप. हिरवं कुठेच नाही. 'ऊवेर' म्हणजे उघडलेलं, आणि त्याच्या पुढे चिकटलेला 'त' हा आधीच्या 'ओं'च्या स्पेलिंगमधला, जो एरवी मुका असतो आणि पुढे स्वर आला की जिवंत होतो. 'ले'च्या मागचा 'झ' पण तसलाच. 'यून'मधला 'न' उडी मारून 'ओत्र'वर जाऊन बसतो आणि त्याचं 'नोत्र' होतं.

मी पेन्सिल घेऊन मोजलं. सात शब्दांमधे जोड सहा. त्यातल्या फक्त एका जागी, आंफां आणि ओंच्या मधे, उच्चाराचा तुकडा जिथे संपतो तिथेच शब्दही संपतो. बाकी पाचही जोड एकेका तुकड्याच्या पोटात आहेत. म्हणजे मी कितीही लक्ष देऊन तुकडा-तुकडा ऐकलं असतं तरी शब्द सापडलेच नसते, कारण शब्दाची शिवण तुकड्यांच्या शिवणीवर नव्हतीच.

तरी माझं मन मानेना. मला वाटायचं की आवाजात कुठेतरी बारीकशी फट असणारच, माझा कान तयार नाही इतकंच. म्हणून प्राट नावाचं सॉफ्टवेअर टाकलं (फोनेटिक्सवाले वापरतात, फुकट मिळतं), त्यात आवाजाचा आलेख दिसतो आणि हवा तेवढाच भाग सिलेक्ट करून ऐकता येतो. त्या वाक्यात मधे दोनच ठिकाणी आवाज खरोखर थांबलेला दिसला. एक 'तू'च्या आधी, दुसरा 'त्रां'च्या आधी. दोन्हीकडे कारण एकच, 'त' म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि हवा क्षणभर अडते. म्हणजे ती फट 'त'ची होती, शब्दाची नाही, आणि दुसरी तर सरळ 'ओत्र' या शब्दाच्या मधोमध होती.

मग मी स्वतःचंच मराठी रेकॉर्ड केलं, आणि इथे मला खरा धक्का बसला. वाक्य घेतलं "मी आता एकटी आलेय", नेहमीच्या बोलण्यासारखं, मुद्दाम सुटं न करता. आलेखात दोन रिकाम्या पट्ट्या. एक 'आता'च्या मधे, 'त'च्या आधी. एक 'एकटी'च्या मधे, क आणि टच्या जागी, ती जरा लांब. आणि शब्द जिथे बदलतात, मी-आता, आता-एकटी, एकटी-आलेय, तिथे सलग रेष, स्वरातून स्वर सरकत गेलेला. मी तर शपथेवर सांगितलं असतं की या शब्दांच्या मधे मला गॅप ऐकू येते! ती आवाजात नाहीच, ती मी ऐकताना घालते. म्हणजे अनोळखी भाषा चिकटलेली वाटते यात त्या भाषेचा काही दोष नाही. सगळ्याच भाषा चिकटलेल्या असतात, आपली आपण न कळत तोडत असतो.

तोडतो कशी याचं एक उदाहरण मला माझ्याच बोलण्यात सापडलं. "मी ना काल आले होते" आणि "मीना काल आली होती" ही दोन वाक्यं भरभर म्हणून बघा, 'आले/आली'पर्यंत फरक जवळपास नाही. ऐकणारा कुठे तोडायचं हे शेवटच्या क्रियापदावरून मागे जाऊन ठरवतो आणि आपण मागे गेलो होतो हे त्याला कळतही नाही. तसंच "तो बागेत गेला". यात 'तोबा' लपलाय. पण तो कुणाला ऐकू येत नाही, कारण 'तोबा' काढला की मागे 'गेत' उरतं आणि 'गेत' म्हणजे काही नाही. थोडक्यात ऐकणारा अख्ख्या वाक्याचा हिशोब लावतो, कुठलाही चुरा न उरता सगळं ओळखीच्या शब्दांत बसलं पाहिजे. या हिशोबाला ओळखीचे शब्द लागतात, आणि ते कानाला ओळखीचे लागतात. मला डोळ्यांना ओळखीचे होते. 'ऊवेर' मला वाचून माहीत होता, 'तूवेर' या वेषात तो कधी भेटलाच नव्हता.

आता प्रश्न असा की ज्याला एकही शब्द येत नाही ते बाळ काय करतं? यावर 1996 साली सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी कुठल्याच भाषेत नसलेले तीन-तीन तुकड्यांचे चार शब्द बनवले, पाबिकु, तिबुदो, गोलातु, दारोपि असे, आणि कॉम्प्युटरच्या आवाजात ते उलटसुलट क्रमाने दोन मिनिटं सलग ऐकवले. थांबा नाही, जोर नाही, चढउतार नाही. ऐकणारी बाळं आठ महिन्यांची. या धारेत 'पा'नंतर 'बि' दर वेळी येणारच, पण 'कु'नंतर उरलेल्या तीन शब्दांपैकी कशाचंही पहिलं अक्षर येऊ शकतं, म्हणजे अंदाज तीनात एकदाच बरोबर. दोन मिनिटांनंतर बाळांना खरे शब्द आणि शब्दांच्या जोडावरून कापलेले खोटे तुकडे ऐकवले तर खोट्यांकडे त्यांनी जास्त वेळ लक्ष दिलं, नवीन वाटले म्हणून. म्हणजे कुठल्या आवाजामागे कुठला येतो याची नोंद त्यांनी ठेवली होती. जिथे अंदाज चुकायला लागतो तिथे शब्द संपला.

पण हेही फसतंच. फ्रेंच मुलं लहानपणी पक्ष्याला 'वाझो' ऐवजी 'झवाझो' म्हणतात किंवा विमानाला 'आव्यों'च्या जागी 'नाव्यों', कारण अनेकवचनात मागून 'झ' आणि 'एक' म्हणताना मागून 'न' चिकटून येतो आणि तो शब्दाचाच भाग वाटतो. हे वाचून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी पद्धत बदलली. वेगवेगळे व्हिडिओ बघणं बंद. एकाच बाईच्या आवाजातली दहा-बारा मिनिटांची एकच गोष्ट घेतली आणि त्यातलं रोज एखाद-दुसरं वाक्य. आधी मजकूर न बघता तीनदा ऐकायचं आणि शब्द न लिहिता फक्त आवाजाचे तुकडे लिहायचे (देवनागरीचा इथे फायदा होतो, आपण तसंही तुकड्यानेच लिहितो). मग कुठला तुकडा लांबवलाय त्यावर खूण. मग मजकूर उघडून मी कुठे तोडलं आणि खरी शिवण कुठे आहे ते बघायचं, आणि चुकलेली जागा प्राटमधे सिलेक्ट करून पाच-सहा वेळा ऐकायची, नुसता शब्द नाही, मागच्या शब्दाच्या शेपटासकट.

ती लांबवलेल्या तुकड्याची खूण का, तर माझी सगळ्यात मोठी चूक तिथे सापडली. पहिली पन्नासेक वाक्यं झाल्यावर वही चाळली तर दिसलं की जो तुकडा ठसठशीत ऐकू येतो त्याच्यापासून मी नवीन शब्द सुरू करते. ही सवय बहुतेक इंग्लिशमधून आलेली. इंग्लिशमधे नावं, क्रियापदं वगैरे बहुतेक शब्द जोरदार तुकड्यानेच सुरू होतात आणि इंग्लिश ऐकणारे तिथेच तोडतात, हे कटलर आणि नॉरिस यांनी 1988 मधेच दाखवलंय. फ्रेंचमधे उलटं आहे, शब्दांचा एक गट संपताना त्याचा शेवटचा तुकडा लांबतो. माझ्या वाक्यात लांबलेले तुकडे होते 'फां' आणि 'व्लॉप', दोन्ही शेवटचे, आणि मी तिथून सुरुवात शोधत होते. म्हणजे सुरी चांगली होती, चुकीच्या भाषेची होती.

नियम उलटा केल्यावर, म्हणजे लांब तुकड्यानंतर तोडायचं असं ठरवल्यावर, आधी गट सुटे झाले, शब्द नाहीत. दीडेक महिना असाच गेला, तीन-चार शब्दांचे गठ्ठे ऐकू यायचे आणि आत काय आहे ते धूसरच. मग गठ्ठ्यांच्या तोंडाशी असलेले छोटे शब्द, ले, दे, सा, यून, सुटायला लागले आणि ते सुटले की शेजारचा मोठा शब्द आपोआप एका बाजूने कापला जायचा. चारेक महिन्यांनी त्या गोष्टीत गॅप ऐकू यायला लागल्या. खरंच गॅप! मी परत प्राटमधे बघून आले, आलेख होता तसाच सलग.

अजूनही दोन माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागली किंवा मागे म्युझिक असलं की सगळं परत चिकटतं, आणि अनोळखी नाव मधे आलं तर पुढचे दोन-तीन शब्द घेऊनच जातं, कारण ते नाव कुठे संपलं तेच कळत नाही. नव्या माणसाचा आवाज असला तर पहिलं अर्धं मिनिट वाया जातं. परवा मुद्दाम ते पहिलं वाक्य लावलं, आधी कसं ऐकू यायचं ते आठवावं म्हणून, तर चिकटलेलं ऐकूच येईना, सातही शब्द सुटे. फक्त ओं-नंतर 'तूवेर' आलं की क्षणभर हिरवंच दिसतं अजून.